‘पोरं बघतील’ असं म्हणणाऱ्यांना

मीरा रोड-भाईंदरमध्ये ज्येष्ठांच्या कुठल्याही बैठकीत लिव्हिंग विलचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘आमची पोरं बघतील.’ ‘आपल्याच हातानं मरणाला आवतण कशाला द्यायचं?’ आणि ‘ह्या वयात मॅजिस्ट्रेटपुढे कोण उभं राहणार?’ अलीकडे एका सभेत एका अनुभवी वक्त्यांनी ही तिन्ही वाक्यं एकत्र बांधून चांगला अर्ध्या तासाचा युक्तिवाद केला. टाळ्याही पडल्या. त्यांचा मुख्य मुद्दा असा की शेवटचा आजार कसा येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून आज लिहिलेला कागद उद्याच्या परिस्थितीला आंधळा असतो. डोळस असतो तो समोर उभा असलेला मुलगा. त्याच्यावर विश्वास ठेवा आणि सही करू नका.

ह्या मुद्द्यात दम आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. कागद आंधळा असतो हे खरं आहे. पण मुलगा डोळस असतो हे मात्र रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी उभं राहून पाहावं. आत ऐंशीच्या आईची धाप वाढलेली असते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात, नळी टाकावी लागेल, इथे सही करा. धाकटा मुलगा समोर असतो, थोरला कॅनडातून फोनवर असतो, मुलगी नालासोपाऱ्याहून रिक्षात असते. थोरला म्हणतो, काय लागेल ते करा, पैशाची काळजी करू नका. धाकट्यानं गेली सहा वर्षं आईचं अंग पुसलेलं असतं, आई काय म्हणायची ते त्याला माहीत असतं. पण ‘नको’ म्हटलं तर उद्या नातेवाईक म्हणणार, ह्यानंच आईला मारलं. म्हणून तो सही करतो. हा निर्णय मुलाचा नसतो आणि आईचा तर नसतोच. तो निर्णय भीतीचा असतो.

पुढचा भाग ह्याहून वाईट आहे आणि त्याबद्दल सभेत कुणी बोललं नाही. बारा-पंधरा दिवसांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची गोष्ट निघते, बिल काही लाखांवर गेलेलं असतं, आणि आई डोळे उघडत नसते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, आता घरी नेऊ या. रुग्णालय एक फॉर्म पुढे करतं. त्याला सगळे ‘डामा’ म्हणतात: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत. सही होते, नळी निघते किंवा अँब्युलन्समधल्या माणसाच्या हातातल्या फुग्यावर घरापर्यंत श्वास दिला जातो, आणि शांतीनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती बाई तडफडत जाते. धाप कमी करायला मॉर्फिन नसतं, कुणी नर्स नसते, कारण कागदोपत्री तिनं उपचार ‘सोडलेले’ असतात. लिव्हिंग विल नको म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्याकडे आजही रोज होतो. फरक इतकाच, की तो उशिरा होतो, पैसे संपल्यावर होतो, रुग्णाला न विचारता होतो, आणि वेदनाशामकाशिवाय होतो.

‘पोरं बघतील’ ह्या वाक्यातली आणखी एक चूक अशी, की कागद केला म्हणजे पोरांना बाजूला सारलं असं त्यात धरून चाललंय. कायद्यानं मागितलेल्या कागदाचा गाभाच मुळी एका किंवा अधिक माणसांची नावं हा आहे. आपली निर्णयक्षमता गेल्यावर आपल्या वतीनं संमती द्यायची किंवा नाकारायची ती कुणी, हे त्यात लिहायचं असतं. म्हणजे डोळस मुलगा हवाच आहे. फक्त तो कुठला, आणि त्याच्या हातात आईचे शब्द आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न आहे. धाकट्याला त्या रात्री हिंमत कमी पडली नाही. त्याच्याजवळ आईनं लिहिलेलं काही नव्हतं.

आता ‘मरणाला आवतण’. हा गैरसमज पसरायला आपल्या मुंबईचाच इतिहास कारण आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या नोव्हेंबरात झालेल्या अत्याचारानंतर बेचाळीस वर्षं तिथेच पडून होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अरुणाबाईंसाठी मागितलेली परवानगी न्यायालयानं नाकारली, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना ती नको होती; पण काही अटींवर कृत्रिम आधार काढता येईल हे तत्त्व मान्य केलं. अरुणाबाई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या. त्यानंतर २०१७च्या अखेरीस ठाकूरद्वारच्या एका वृद्ध दांपत्यानं, दोघांनाही तसा कुठलाही प्राणघातक आजार नसताना, आम्हाला मरण द्या असं राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टींना ‘इच्छामरण’ हा एकच शब्द लावला, आणि तो वाचकांच्या डोक्यात घट्ट बसला.

कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं लिव्हिंग विल मान्य केलं, तेव्हा ठाकूरद्वारच्या दांपत्याला त्यातून काहीच मिळालं नाही, आणि ते बरोबरच होतं. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. हा कागद लागू व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला हवा, उपचार दीर्घकाळ चाललेले हवेत, आणि रुग्णाची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता गेलेली हवी. तुम्ही शुद्धीवर आहात, बोलताय, ‘मला अजून जगायचंय, नळी टाका’ म्हणताय, तर कपाटातल्या त्या कागदाला काडीचीही किंमत नाही. डेंग्यूनं प्लेटलेट घसरले, घरात पाय घसरून खुबा मोडला, रक्तातलं सोडियम उतरून बडबड सुरू झाली, तर कागद लागूच होत नाही. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरणं ही तर इतकी नेहमीची गोष्ट आहे, की बरळणाऱ्या आजोबांना दोन-तीन दिवसांत पुन्हा नातवाला ओरडताना ऐकलेली घरं प्रत्येक इमारतीत सापडतील.

भाईंदरमध्ये हा आक्षेप धर्माच्या अंगानंही येतो, आणि तो इथे दोन टोकांनी येतो. जैन घरांतली वडीलधारी माणसं विचारतात, आमच्याकडे संथारा आहे, मग हा कागद वेगळा कशाला? राजस्थान उच्च न्यायालयानं २०१५मध्ये संथारा बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण संथारा हे शुद्धीत, स्वतःहून घेतलेलं व्रत आहे. शुद्ध गेल्यानंतर डॉक्टरांनी काय करावं हे त्यातून कळत नाही. दुसरं टोक उत्तनचं. तिथले ख्रिस्ती कोळी म्हणतात, जीव देवाचा, तो आपण कसा सोडायचा? त्यांनी आपल्या धर्मगुरूंनाच विचारावं. पोप बारावे पायस यांनी १९५७मध्येच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं होतं की जीव टिकवण्यासाठी नेहमीचे उपाय करणं हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय करणं बंधनकारक नाही. त्या वेळी ते बोलत होते ते श्वासयंत्राबद्दलच.

तिसरा आक्षेप मॅजिस्ट्रेटचा. २०१८च्या निकालात तो खरा होता. दोन साक्षीदारांशिवाय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. तेव्हा मीरा-भाईंदरला स्वतःचं न्यायालयही नव्हतं. म्हणजे गुडघे धरून घोडबंदर रस्त्यानं, गायमुखाचा घाट चढून ठाण्याला जायचं आणि तिथे साहेबांची वाट पाहायची. देशभर फारसं कुणी हे करू शकलं नाही, आणि निकाल कागदावरच राहिला. म्हणूनच २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठानं ती अट काढून टाकली. आता दोन साक्षीदार आणि त्यांच्यासह नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. स्टॅम्प पेपरची अट निकालात कुठेही नाही. मॅजिस्ट्रेटचा संबंध उरला तो इतकाच, की उपचार काढायचा निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालयानं त्यांना कळवायचं. म्हणजे सभेतल्या वक्त्यांनी सांगितलेला कायदा जुना झालेला होता. कायद्यावर बोलणाऱ्यानं निदान तेवढं वाचून यावं.

इथपर्यंत कागदाच्या विरोधकांशी भांडलो. आता कागदाच्या भक्तांशीही भांडायला हवं, कारण नुकसान त्यांच्याकडूनही होतंय. कुठूनतरी फिरत आलेला एक पानी छापील फॉर्म, त्यात एकच वाक्य: ‘माझ्या अंतसमयी मला कुठल्याही नळ्या लावू नयेत व व्हेंटिलेटरवर ठेवू नये.’ खाली सही, दोन मित्रांच्या सह्या, झालं. वाचायला आलेले असे कागद मी पुष्कळ पाहिलेत आणि प्रत्येक वेळी मला तेच म्हणावं लागतं, की हा कागद फाडा. २०१८च्या निकालातच स्पष्ट म्हटलंय की कागदातली सूचना संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळानं ती अमलात आणू नये, आणि कागद नसलेल्या रुग्णाची जी पद्धत आहे तीच वापरावी. ‘कुठल्याही नळ्या’ म्हणजे सलाइनसुद्धा? लघवीची नळी? ‘अंतसमय’ कधी सुरू झाला हे कोण ठरवणार? न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटर लागला आणि त्यानंतर माणूस चालत घरी येणार असेल, तर तो अंतसमय का?

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण आजार तसा नाही. भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या बाई, जन्मभर चुलीच्या आणि स्टोव्हच्या धुरात राहिल्यानं फुप्फुसाचा जुना आजार, सीओपीडी. घरी ऑक्सिजनचं यंत्र. गेल्या वर्षी दोनदा रुग्णालयात जाऊन आल्या. डोकं तल्लख. मुलगा जवळ राहतो, मुलगी दुबईत. ह्यांनी काय लिहावं?

आधी, काय हवंय ते लिहावं. श्वास लागला तर तोंडावर मुखवटा लावून दाबानं हवा देणारं बायपॅप यंत्र ह्यांना चालेल, दोन्ही वेळा त्यावरच त्या सावरल्या. प्रतिजैविकं चालतील, सलाइन चालेल. घशात नळी टाकून व्हेंटिलेटर मात्र वेगळी गोष्ट आहे. ह्या आजारात शेवटच्या टप्प्यावर एकदा नळी पडली की ती काढणं फार अवघड जातं, कारण फुप्फुसात परत स्वतःच्या बळावर श्वास घ्यायची ताकदच उरलेली नसते. तरीही पहिल्या झटक्यात सरसकट ‘नको’ लिहिणं घाईचं होईल; संसर्ग बरा होऊन नळी निघण्याची शक्यता डॉक्टरांना दिसत असेल तर? म्हणून मुदत घालावी. ‘माझ्या छातीच्या डॉक्टरांच्या मते आजार सुधारण्याची शक्यता असेल तर पाच दिवस व्हेंटिलेटर लावून पाहावा. पाच दिवसांत नळी काढण्याच्या दिशेनं सुधारणा नसेल आणि मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन, तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवू नये, डायलिसिस सुरू करू नये, आणि व्हेंटिलेटर काढण्याची प्रक्रिया सुरू करावी.’ पाच हा आकडा शास्त्रातला नाही, बाईंचा आहे. त्यांनी आपल्या डॉक्टरशी बोलून तो ठरवावा. पण आकडा असला की वैद्यकीय मंडळाला धरायला काहीतरी असतं.

त्यानंतर एक ओळ जी सगळे विसरतात: ‘धाप आणि वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं द्यावीत, त्यामुळे मला गुंगी आली तरी.’ ही ओळ नसेल तर व्हेंटिलेटर काढताना भेदरलेला कनिष्ठ डॉक्टर मॉर्फिनला हात लावत नाही, आणि मग आपण ज्यासाठी कागद केला तेच बिघडतं.

आता पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर. हृदय थांबल्यावर छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, प्रत्येक वेळी किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. म्हाताऱ्या बरगड्या त्यात मोडतातच असं धरून चालावं. टीव्हीवर रुग्ण डोळे उघडतो. प्रत्यक्षात, रुग्णालयातच हृदय थांबलेल्या सत्तरी-ऐंशीतल्या रुग्णांवरच्या पाश्चात्त्य अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तर जिवंत घरी जाणारे पाचांत एकापेक्षा कमी, आणि नव्वदीनंतर आठांत एकाच्या आसपास. त्यात जुना फुप्फुसाचा आजार असेल तर आणखी कमी. बाईंना हे कुणीतरी बसून, त्यांच्या भाषेत, आकड्यांसकट सांगायला हवं. ऐकून त्या ‘करून पाहा’ म्हणाल्या तर तेही योग्यच. पाचांत एकापेक्षा कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि नातीचं लग्न दोन महिन्यांवर असलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो.

पण समजा त्या ‘नको’ म्हणाल्या. इथे एक गोष्ट आहे जी कागदाचे भक्त कधी सांगत नाहीत. लिव्हिंग विलची प्रक्रिया संथ आहे. आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते तपासतात. मग ते आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून प्राथमिक मंडळ बसतं, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत देतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ, पुन्हा शक्यतो अठ्ठेचाळीस तास. कागदात नाव असलेल्या माणसाची संमती. मग मॅजिस्ट्रेटला कळवणं. दुसऱ्या मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय. व्हेंटिलेटर काढायला ही सावकाशी ठीक आहे, उलट हवीच. पण थांबलेलं हृदय चार दिवस थांबत नाही. १०८ची अँब्युलन्स घरी आली आणि बाईंची नाडी लागत नसेल, तर तिच्यातला पोरगा दाब द्यायला सुरुवात करणार. त्यानं कागद वाचत बसावं अशी अपेक्षा करणंच चूक.

म्हणून सीपीआर नको हे फक्त कपाटातल्या कागदात लिहून काही होत नाही. बाई रुग्णालयात भरती झाल्या की पहिल्याच दिवशी ते डॉक्टरांशी बोलून केस पेपरवर यायला हवं. ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ ह्या नोंदीसाठी आयसीएमआरनं २०२०मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि रुग्णाशी किंवा कुटुंबाशी बोलून, सही घेऊन ती नोंद कशी करायची हे त्यात आहे. त्या नोंदीचा अर्थ बाकीचे उपचार बंद असा नाही, हेही त्यात आहे. मुलानं भरतीच्या टेबलावरच कागदाची प्रत द्यावी आणि विचारावं, ही नोंद आज होईल का? डॉक्टर ‘पुढे बघू’ म्हणाले तर उद्याच्या राउंडला पुन्हा विचारावं. आणि घरीच शेवट व्हावा अशी इच्छा असेल तर १०८ला फोन न करता कुणाला बोलवायचं, हे फॅमिली डॉक्टरांशी आधीच ठरलेलं असावं. रात्री घाबरून फोन लागला की कागद हरला.

राहता राहिले साक्षीदार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. निकालात शब्द आहेत ते असे, की दोन साक्षीदार, शक्यतो स्वतंत्र. ‘शक्यतो’ ह्या शब्दाचा फायदा घेऊन लोक दोन मुलांच्या सह्या घेतात आणि मोकळे होतात. कायदा त्याला अडवत नाही. पण साक्षीदाराचं काम काय आहे ते पाहा. पाच वर्षांनी थोरला मुलगा उभा राहून म्हणाला, ‘आईला तेव्हा भ्रम होता, धाकट्यानं तिच्याकडून सही करून घेतली,’ तर समोर येऊन ‘नाही, मी तिथे होतो, बाई शुद्धीत होत्या, स्वतःच्या मनानं बोलत होत्या’ असं सांगणारा माणूस म्हणजे साक्षीदार. ते धाकटाच सांगणार असेल तर त्याला कोण विचारतो?

म्हणून ज्याचं नाव निर्णय घेणारा म्हणून कागदात आहे, तो साक्षीदार नको. ज्याला घर किंवा पैसा मिळणार आहे, तो नको. उपचार करणारा डॉक्टर आणि रुग्णालयातला कर्मचारी नको, कारण त्यांच्यावर बिलाचा किंवा खाटेचा संशय येऊ शकतो. पगारी आयाबाई नको. ती मालकिणीला नाही म्हणू शकली नाही असं उद्या कुणीही म्हणेल. आणि आपल्या मीरा-भाईंदरची एक खास भर घालतो: इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर सोसायटीचे सेक्रेटरी नकोत. जुनी इमारत, सह्या अडलेल्या, एका फ्लॅटमध्ये एकटी म्हातारी. अशा वेळी त्या फ्लॅटशी ज्याचा दुरून का होईना हिशेब आहे, त्याची सही ह्या कागदावर असूच नये.

मग कोण? शेजारी, ज्यांचा वारसाशी संबंध नाही. निवृत्त सहकारी. भजनी मंडळातली मैत्रीण. पण वय पाहावं. बाई एकोणऐंशीच्या आणि साक्षीदार एक्याऐंशीच्या, तर गरज पडेल तेव्हा साक्षीदारच आयसीयूत असायचे. एक साक्षीदार तरी दहा-पंधरा वर्षांनी लहान, इथेच राहणारा, आणि इथून हलण्याची शक्यता कमी असलेला हवा. फॅमिली डॉक्टर साक्षीदार होण्यापेक्षा त्यांनी त्याच दिवशी एक वेगळी चिठ्ठी द्यावी: आज मी ह्यांना तपासलं, ह्या शुद्धीत आहेत, कागदाचा अर्थ आणि परिणाम ह्यांना कळतो. ती चिठ्ठी कागदाला टाचावी. भ्रमाचा आक्षेप येतो तेव्हा ती दोन सह्यांपेक्षा जास्त बोलते.

आणि भाषा. नोटरीच्या कार्यालयात टाइप होतो तो मजकूर बहुधा इंग्रजीत. बाईंना मराठी येतं, शेजारच्या साक्षीदार गुजराती. सही होताना दोघीही मान डोलावतात आणि एकीलाही मजकूर वाचता आलेला नसतो. असा कागद पहिल्याच उलटतपासणीत कोलमडतो. कागद मराठीतच करावा, निकालात इंग्रजीची अट नाही. मंडळातल्या डॉक्टरांच्या सोयीसाठी इंग्रजी भाषांतर सोबत जोडता येतं. सही करण्याआधी बाईंनी साक्षीदारांसमोर आपल्या तोंडानं दोन-चार वाक्यांत सांगावं की ह्यात काय लिहिलंय. अंगठा असेल तर ‘वाचून दाखवलं, समजलं’ अशी ओळ आणि वाचून दाखवणाऱ्याचं नाव. तिघांनी, म्हणजे बाई आणि दोन साक्षीदारांनी, नोटरीसमोर एकाच वेळी हजर राहावं. आधी घरी सह्या घेऊन मुलानं नंतर शिक्का मारून आणणं, हे सर्रास चालतं आणि सर्रास चुकीचं आहे. नोटरीनं कागद स्वेच्छेनं, दबावाशिवाय झाला ह्याची खात्री करायची असते. बाईंना न पाहता ती खात्री कशी होणार?

प्रती किती? एक घरात, एक ज्यांची नावं दिली त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, आणि एक महानगरपालिकेत. शेवटची प्रत लोक टाळतात. २०२३च्या आदेशात स्पष्ट आहे की स्थानिक स्वराज्य संस्थेनं एक अधिकारी नेमून त्याच्या ताब्यात ही कागदपत्रं ठेवायची. हे अधिकारी प्रत्यक्षात नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मुंबई महापालिकेनं मग विभागवार आरोग्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे हे काम सोपवलं. आपल्याकडे भाईंदरला पालिकेत गेलात तर ‘इथे असं काही नसतं’ हे उत्तर पहिल्या खिडकीवर मिळू शकतं. परत फिरू नका. ‘सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३च्या आदेशानुसार अभिरक्षक अधिकाऱ्याकडे’ असं वर लिहून आवक विभागात प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा आवक शिक्का घ्या. रुग्णालय कागद खरा की खोटा हे तपासतं तेव्हा ह्याच नोंदीचा आधार घेतं. एक सावधगिरी: मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्येही ह्याच्यासारखाच आगाऊ निर्देश आहे, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांसाठी. त्याचा फॉर्म भरून काहींनी समाधान मानलेलं मी पाहिलंय.

सभेतल्या वक्त्यांचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि त्यांनी त्यावर जास्त वेळ द्यायला हवा होता. घरात पैसा नाही, सून वैतागलेली, आणि म्हाताऱ्याला वाटतं आपण ओझं झालोय. तो सही करायला येतो ती इच्छेनं की शरमेनं? कायदा हे ओळखू शकत नाही. थोडंफार ओळखू शकतो तो स्वतंत्र साक्षीदार आणि नोटरीआधी त्याच्याशी एकट्यानं बोलणारा फॅमिली डॉक्टर. म्हणून त्या संभाषणात मुलाला बाहेर बसवावं, मुलगा कितीही चांगला असला तरी. विचारावं: पैशाचा प्रश्न नसता तर तुम्ही हेच लिहिलं असतं का? उत्तर द्यायला म्हातारा थबकला तर त्या दिवशी सही होऊ देऊ नये. कागद लेखी कधीही रद्द करता येतो, बदलता येतो, आणि दोन कागद असतील तर शेवटचा धरला जातो. महिनाभरानं पुन्हा यावं, डॉक्टर तेच, प्रश्न तोच.

दुबईच्या मुलीला हा कागद फोटो काढून पाठवणं पुरेसं नाही. सही करायच्या आदल्या रविवारी तिला व्हिडिओ कॉलवर घेऊन आईनं स्वतः सांगावं, की पाच दिवसांनंतर काय करायचं आणि ते कोण ठरवणार. भावाबहिणीत मतभेद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा, हेही कागदात पहिलं नाव, दुसरं नाव असं क्रमानं लिहावं. आईच्या तोंडून ते ऐकलेल्या मुलीला, विमानतळावरून थेट आयसीयूत येऊन भावाला ‘तू काय केलंस’ असं विचारण्याची वेळ येत नाही.